आजींच्या ताटातील प्रथिनांचा हिशेब

घरात कुणाच्या लक्षात येण्याआधी ते बांगड्यांच्या लक्षात येते. हात खाली सोडला की बांगड्या पंजापर्यंत घसरतात. ब्लाउज खांद्यावर सैल होतो. न्हाणीघरातील पाटावरून उठताना नळाला धरावे लागते. घरचे म्हणतात, ‘वय झाले आता.’ जेवणाचे विचारले तर उत्तर मिळते, ‘दोन वेळा जेवतात की! थोडेच खातात, पण वेळेवर खातात.’

या उदाहरणातील आजी ७४ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे वजन ५० किलो होते, आता ४५ आहे. म्हणजे दहा टक्के वजन गेले. त्यात चरबी गेली तसे स्नायूही गेले, आणि उतारवयात गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. मुलाने विकत आणलेला प्रोटीन पावडरचा डबा कपाटात तसाच पडून आहे, कारण ते पेय प्यायले की आजींना जेवण जात नाही. सूनबाई काळजीने ताटात एक पोळी जास्त वाढतात. ती उरते आणि दोघींनाही वाईट वाटते.

भूक कमी असलेल्या माणसाला ‘जास्त खा’ हा सल्ला निरुपयोगी असतो. पोटात जागा तेवढीच आहे. मग त्याच जागेत, तेवढ्याच घासांत, प्रथिने जास्त कशी बसवायची, एवढाच प्रश्न उरतो. तो सोडवायचा तर थोडा हिशेब करावा लागतो. वाणसामानाची यादी करण्याइतकाच तो सोपा आहे.

आधी कारण, मग आहार

सहा महिने ते वर्षभरात दहा टक्के वजन आपोआप कमी झाले असेल, तर पहिले पाऊल स्वयंपाकघरात नव्हे, दवाखान्यात टाकायचे. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तोंडात डोकावून पाहिले तरी काही वेळा उत्तर सापडते. कवळी ढिली झालेली असते, एखादी दाढ दुखत असते किंवा जिभेवर पांढरा थर असतो. गोळ्यांची पिशवीही उघडून पाहावी. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या आणि हृदयासाठीची डिगॉक्सिन ही भूक मारणारी नेहमीची औषधे आहेत. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण ‘हिच्यामुळे भूक गेली असेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारायचा.

या आजींच्या तपासण्यांत गंभीर काही निघाले नाही. दोन गोष्टी सापडल्या, ढिली कवळी आणि जुनी बद्धकोष्ठता. दोन्हींवर उपचार सुरू झाले.

आहार ठरवण्याआधी आणखी एक तपासणी लागते, ती मूत्रपिंडांची. इथे नेहमी एक चूक होते. रिपोर्टवर क्रिएटिनिनचा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत दिसला की घरचे निश्चिंत होतात. पण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंमध्ये. स्नायूच कमी असले तर ते कमीच तयार होणार, आणि मूत्रपिंडे थकलेली असूनही आकडा चांगला दिसणार. ७४ वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर वरवर ते ठीक वाटते. वय आणि लिंग धरून गणित केले, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता जेमतेम ४७ निघते. या आकड्याला ईजीएफआर म्हणतात आणि रिपोर्टमध्ये तोच पाहायचा. तो ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर पुढे दिलेला हिशेब लागू होत नाही. अशा रुग्णाची प्रथिने मूत्रपिंडतज्ज्ञ मोजून ठरवतात. ३० ते ६० च्या मध्ये असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच आकडा ठरवायचा. डायलिसिसवरील रुग्णाची गरज उलट वाढते. या आजींचे क्रिएटिनिन ०.८ होते आणि ईजीएफआर ७५ च्या वर, त्यामुळे मार्ग मोकळा होता.

किलोमागे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी आहाराचे जे प्रमाण ठरवले, त्यात निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वृद्धांना मात्र त्याहून थोडी जास्त लागतात. प्रॉट-एज नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये ६५ च्या पुढच्या निरोगी माणसांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हे प्रमाण सुचवले. आजारी किंवा कुपोषित वृद्धांसाठी त्यांनी ते १.२ ते १.५ पर्यंत नेले. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे असेच आहे, की वृद्धांसाठी किमान १ ग्रॅम हवे.

वय वाढले, हालचाल कमी झाली, मग गरज वाढते कशी? तरुण स्नायूला थोडी प्रथिने मिळाली तरी तो लगेच बांधणीला लागतो. म्हातारा स्नायू जरा बहिरा होतो. त्याला तीच हाक मोठ्याने द्यावी लागते. त्यामुळे दिवसभराची बेरीज जितकी महत्त्वाची, तितकेच एकेका जेवणात किती प्रथिने येतात हेही महत्त्वाचे. वृद्धांसाठी एका जेवणात किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम हे चांगले लक्ष्य मानले जाते. ४५ किलोच्या आजींसाठी ते १८ ग्रॅम होते.

आता आजींचा आकडा काढू. किलोमागे १ ग्रॅम धरले तर ४५ ग्रॅम. वजन उतरलेले असल्याने १.२ धरले तर ५४ ग्रॅम. म्हणून पहिला टप्पा ४५ आणि दुसरा ५४ असा ठरला. हिशेबासाठी वजन कोणते घ्यायचे, यातही चूक होऊ शकते. पायांवर सूज असेल तर काट्यावर पाण्याचेही वजन येते. आणि माणूस खूप स्थूल असेल तर सगळे वजन धरून गुणाकार केल्यास आकडा उगाच फुगतो. अशा वेळी कोणते वजन धरायचे हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारावे.

दुसरा घोटाळा शब्दांचा आहे. ‘५४ ग्रॅम प्रथिने’ म्हणजे ५४ ग्रॅम डाळ नव्हे. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, मूगडाळीत २४, शेंगदाण्यांत २४ ते २५, पनीरमध्ये १८, गव्हाच्या पिठात १०, तांदळात ८. १०० मिलिलीटर गाईच्या दुधात ३ ते साडेतीन आणि दह्यात ३ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम. पुढचा सगळा हिशेब एवढ्या आकड्यांवर होतो. धान्य आणि डाळींचे आकडे कच्च्या वजनाचे आहेत, हे मात्र विसरायचे नाही. शिजल्यावर डाळ पाणी पिते. तिचे वजन कितीतरी पटीने वाढते, प्रथिने तेवढीच राहतात.

आजी खरोखर किती खातात?

आठवून सांगितलेला आहार बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो. म्हणून सूनबाईंनी तीन दिवस वहीत लिहून ठेवले. ताटात किती वाढले एवढेच नव्हे, उरले किती तेही. त्यातला एक दिवस असा होता.

सकाळी चहा आणि चार बिस्किटे, ३ ग्रॅम. दहा वाजता अर्धी बशी पोहे, ३ ग्रॅम. दुपारी एक पोळी, थोडी भाजी, अर्धी वाटी भात आणि अर्धी वाटी वरण, मिळून साडेआठ. चार वाजता चहा आणि दोन टोस्ट, ३. रात्री मऊ भात, पातळ वरण, वर मेतकूट आणि थोडे ताक, साडेपाच. एकूण २३ ग्रॅम. २३ भागिले ४५ म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम. हवे त्याच्या निम्म्याहून कमी.

या यादीत वाईट असे काहीच नाही. पोहे, मऊ भात, मेतकूट हे सगळे आजारी माणसाला प्रेमाने दिले जाणारे पदार्थ आहेत. पण बहुतेक पदार्थ पिठूळ आहेत. चघळायला सोपे, गिळायला सोपे आणि प्रथिनांत गरीब. बिस्किटे आणि टोस्ट तर सकाळ-संध्याकाळ भूक मारून टाकतात.

वरणाची गोष्ट वेगळीच निघाली. घरात पाच माणसांसाठी १०० ग्रॅम डाळ शिजते. कागदावर आजींच्या वाट्याला २० ग्रॅम यायला हवी. पण शिजल्यावर वरणात पाणी घालून ते सारखे केले जाते, आणि आजींना ‘पचायला हलके’ म्हणून वरचे पातळ पाणी वाढले जाते. डाळ तळाशी बसलेली असते. त्यांच्या अर्ध्या वाटीत जेमतेम १० ग्रॅम डाळ येते. वाटी रोज वाढली जाते, म्हणून ‘आई वरण खातात’ असे सगळ्यांना वाटत राहते.

घास तेवढेच, माल वेगळा

आजींच्या जेवणात घास वाढवायचे नाहीत असे ठरले. प्रत्येक बदल अदलाबदलीचा होता.

पहिला बदल वरणाचा. कुकर उघडल्यावर, पाणी घालण्याआधी, आजींच्या वाट्याची घट्ट डाळ वाटीत काढून ठेवायची. २५ ग्रॅम कच्च्या डाळीचे घट्ट वरण एका छोट्या वाटीत मावते. ते किती दिसते हे कळण्यासाठी एकदाच २५ ग्रॅम डाळ वेगळी शिजवून पाहिली आणि वाटीवर खूण केली. रोज वजनकाटा काढायची गरज उरली नाही.

दुसरा बदल नाश्त्याचा. पोह्यांच्या जागी ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून तिची दोन लहान धिरडी. त्यात २५ ग्रॅम पनीर कुस्करून घातले की धिरडे मऊ राहते आणि कवळीला त्रास होत नाही. अंडी चालणाऱ्या घरात दोन अंड्यांची मऊ भुर्जी हे काम आणखी सोपे करते. तीन-चार मोठ्या घासांत १२ ग्रॅम प्रथिने जातात.

तिसरा बदल दुधाचा. जास्त दूध प्यायला सांगितले तर पोट भरते. त्याऐवजी दूध घट्ट करता येते. १०० मिलिलीटर दुधात १५ ग्रॅम साधी, बिनसाखरेची दूध पावडर ढवळली, तर ३ ग्रॅमचे साडेआठ ग्रॅम होतात आणि कप तेवढाच राहतो. ही साय काढलेल्या दुधाची पावडर असते आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातील महागड्या डब्यांवरचे लेबल वाचताना हाच आकडा पाहायचा. काही ‘शक्तिवर्धक’ पेयांमध्ये १०० ग्रॅममागे प्रथिने थोडी आणि साखर भरपूर असते. शिवाय डब्यावर मोठ्या अक्षरांत १०० ग्रॅमचा आकडा असतो, प्रत्यक्षात आजी घेतात एक चमचा.

चौथा बदल चहाबरोबरच्या बिस्किटांचा. डाळ्याचे पीठ १० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट १० ग्रॅम, थोडा गूळ आणि तूप एवढ्यात एक छोटा मऊ लाडू होतो. प्रथिने साडेचार ग्रॅम. चहा बंद केला नाही. तो बंद केला असता तर बाकीचे सगळेच आजींनी नाकारले असते.

दुपारचे ताट

नमुन्यासाठी दुपारचे जेवण घेऊ. मध्यम आकाराची एक पोळी, म्हणजे २५ ग्रॅम पीठ, अडीच ग्रॅम प्रथिने. घट्ट वरण छोटी वाटी, २५ ग्रॅम डाळीचे, साडेपाच ग्रॅम. दही अर्धी वाटी, सुमारे ८० ग्रॅम, अडीच ग्रॅम. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून, १० ग्रॅम दाण्यांची, अडीच ग्रॅम. शिजवलेली मऊ भाजी, १ ग्रॅम. शेवटी दोन-तीन घास भात, १ ग्रॅम. एकूण १५ ग्रॅम. आधीच्या ताटात साडेआठ होते.

ताटाचा आकार पूर्वीइतकाच आहे. भात कमी झाला, त्याची जागा वरणाने आणि दह्याने घेतली. वाढण्याचा क्रमही बदलला. आधी वरण-पोळी आणि दही, भात शेवटी. भूक कमी असलेला माणूस पहिले सात-आठ घास मनापासून खातो, मग थकतो. त्या पहिल्या घासांत प्रथिने असली पाहिजेत. शेवटी उरला तर भात उरावा, वरण नव्हे.

वरणावर आणि भातावर एकेक चमचा तूप घातले जाते. त्याचे कारण चवीपलीकडचे आहे. शरीराला इंधन कमी पडले तर ते प्रथिनेच जाळून टाकते आणि स्नायूंसाठी ठेवलेला माल चुलीत जातो. आजींना दिवसाला किलोमागे ३० या हिशेबाने सुमारे १३५० कॅलरी हव्यात. एका छोट्या चमचाभर तुपातून जागा न व्यापता ४५ कॅलरी मिळतात. कोलेस्टेरॉलच्या भीतीने हडकुळ्या वृद्धांचे तूप-तेल तोडणाऱ्या घरांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

आता पूर्ण दिवस. सकाळचा चहा १ ग्रॅम. नाश्त्याला धिरडी आणि थोडे दही, १३. दुपारचे जेवण १५. संध्याकाळी चहा आणि लाडू, साडेपाच. रात्री मऊ खिचडी आणि दही, १०. या खिचडीत तांदूळ २० ग्रॅम आणि मूगडाळ ३० ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या प्रमाणाच्या उलट. झोपण्याआधी तासभर घट्ट केलेले दूध, साडेआठ. बेरीज ५३ ग्रॅम. किलोमागे जवळजवळ १.२.

एका जेवणात १८ ग्रॅमचे लक्ष्य इथे पूर्ण गाठलेले नाही, हे खरे. पण कमी भुकेच्या माणसाला आधी दिवसाची बेरीज गाठू द्यावी. भूक थोडी सुधारली की दुपारच्या ताटात एक अंडे किंवा मासळीचा छोटा तुकडा किंवा २० ग्रॅम पनीर आले, तर तेही साधते. डाळीबरोबर तांदूळ किंवा गहू असतो तेव्हा एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि सोबत दूध-दही असले की शाकाहारी ताटातील प्रथिनांचा दर्जा चांगला राहतो.

गाडी अडते कुठे?

हे सगळे एका दिवसात झाले नाही आणि होऊही नये. पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता बदलला. दुसऱ्या आठवड्यात वरण, मग लाडू आणि दूध. रात्रीची खिचडी शेवटी. डाळ एकदम वाढवली तर पोट फुगते, आणि मग ‘मला सोसत नाही’ हा निकाल कायमचा लागतो. आजींना तिसऱ्या आठवड्यात गॅसेसचा त्रास झालाच. तूरडाळीऐवजी काही दिवस मूगडाळ वापरली, हिंग-जिरे घातले आणि तो कमी झाला.

दुसरी अडचण दुधाची. सुरुवातीला ते सकाळी अकराला दिले जात होते. साडेबाराला आजी ताट सरकवायच्या. वहीत पाहिल्यावर कळले, की दुधाचे साडेआठ ग्रॅम मिळाले, पण जेवणाचे १० ग्रॅम गेले. वाढवलेले प्रत्येक खाणे पुढच्या खाण्याच्या भुकेतून वजा होते का, हे पाहावे लागते. दूध रात्री नेले आणि दुपारचे ताट पुन्हा रिकामे होऊ लागले.

तिसरी अडचण उपवासांची. आजींचा गुरुवार असतो, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. या दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. जी काही मिळतात ती कुटातून. महिन्यातून सात-आठ दिवस १५ ग्रॅमवर गेले, तर बाकीच्या दिवसांची कमाई उतरते. ‘उपवास सोडा’ म्हणून आजींनी ऐकले नसते आणि तशी गरजही नव्हती. उपवासाला दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा हे सगळे चालते. वरीचा भात थोडा, दाण्याची घट्ट आमटी वाटीभर, सोबत दही, दुपारी राजगिऱ्याचा लाडू दुधात कुस्करून आणि रात्री घट्ट केलेले दूध. असा दिवस ३५ ग्रॅमच्या आसपास जातो. पूर्ण नाही, पण १५ पेक्षा खूप बरा.

शेवटची अडचण पथ्यांची. मधुमेह म्हणून हे नको, रक्तदाब म्हणून ते नको, गुडघे दुखतात म्हणून डाळ नको, असे करत करत ताटात पोळी आणि दुधीभोपळा उरतो. वर्षानुवर्षांची प्रत्येक मनाई आज खरोखर लागते का, हे एकदा डॉक्टरांसमोर बसून तपासावे. वजन उतरत असलेल्या वृद्धाला कडक पथ्याचा तोटा फायद्यापेक्षा मोठा असू शकतो.

लागू पडते आहे हे कसे कळणार?

काट्यावरचे वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, तशाच कपड्यांत. रोज पाहिले तर फक्त चिंता वाढते. वजनाबरोबर एक सोपी चाचणी घ्यावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीवर बांधून, लागोपाठ पाच वेळा उठायचे आणि बसायचे. शेजारी कुणीतरी उभे असावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या निकषांनुसार पायांतील स्नायूंची क्षमता कमी आहे असे समजतात. आजींना सुरुवातीला १९ सेकंद लागले होते.

ही चाचणीच व्यायामही आहे. स्नायूला माल मिळाला तरी काम मिळाले नाही तर तो बांधणी करत नाही. म्हणून नाश्त्याआधी आणि संध्याकाळच्या चहाआधी पाच-पाच वेळा उठणे-बसणे, सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन. सुरुवातीचे काही दिवस मांड्या दुखतात, छातीत दुखू नये. दम लागला, चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचे.

महिना-दीड महिना वहीतली बेरीज ४५ च्या वर राहूनही वजन उतरतच राहिले, गिळताना ठसका लागू लागला, उलट्या होऊ लागल्या, किंवा पायांवर सूज येऊन लघवी कमी झाली, तर आहारात आणखी फेरफार करत बसू नये. कारण दुसरीकडे आहे आणि ते शोधायला हवे.

आजींची बेरीज पाचव्या आठवड्यात ४५ वर आली. ५३ रोज जमत नाही. काही दिवस ४८, काही दिवस ४०. तीन महिन्यांनी वजन ४६ किलो ४०० ग्रॅम झाले आणि खुर्चीतून पाच वेळा उठायला १४ सेकंद लागू लागले. गेलेले पाच किलो भरून आलेले नाहीत आणि कदाचित सगळे येणारही नाहीत. पण वजनाची घसरण थांबली आहे, आणि न्हाणीघरातील पाटावरून उठताना आजी आता नळाला हात लावत नाहीत. खबरदारी म्हणून मुलाने पाट काढून तिथे स्टूल ठेवले आणि भिंतीला एक पक्की दांडीही बसवून घेतली.